अब्बांनी मागितलेला उशीर

मयताच्या घरी माझे अब्बा सगळ्यांत आधी पोचायचे आणि कुणाला धड रडूही द्यायचे नाहीत. जुन्नरच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. मोहल्ल्यात कुणी गेलं, की मशीन बंद करून कफनाचं कापड फाडायला तेच हजर. "लवकर उरका. मयताला ताटकळत ठेवू नका," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. दादी गेली तेव्हा चाचा मुंबईहून निघाले होते, तरी अब्बा सख्ख्या भावासाठी थांबले नाहीत. चाचा थेट कब्रस्तानात पोचले आणि ओल्या मातीपाशी बसून राहिले. पुढे चाचा जुन्नरलाच राहायला आले, दोघं बोलूही लागले, पण त्या विषयावर कधीच नाही.

मला कोल्हापूरला पहिली नोकरी लागली. एसटीत बसताना अब्बांनी हातात पाकीट दिलं. त्यांची शाळा मराठी, म्हणून पत्रही मराठीत, आणि अगदी बोलल्यासारखं:

"रेश्मा बेटा, ओरिजनल सर्टिफिकेट कुणापाशी ठेवायची न्हाईत. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, ओरिजनल परत पिशवीत. जॉइनिंग लेटर वाचल्याबिगर सही करू नको. प्रोबेशन किती, सोडायचं झालं तर नोटीस किती, बघ. पीएफला नॉमिनी म्हणून अम्मीचं नाव लाव. रूमच्या डिपॉझिटची पावती घे. साहेबाचा मान ठेव, पण उगं हांजी हांजी नको. लई आठवण आली तर फोन कर, नोकरी टाकून येऊ नको.

अजून एक. माझं काई झालं तर तुझ्या चाचाला हे दाखव. तू येस्तवर मला ठेवायचं. लोक माझंच बोलणं मला ऐकवतील. ऐकवू दे."

मला भयंकर राग आला. नोकरीला निघालेल्या पोरीला कुणी असं लिहितं का? फोनवर भांडले, तर हसून म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. झेरॉक्स काढल्या का?"

प्रोबेशन संपायच्या आतच एका पहाटे चाचांचा फोन आला. अब्बा गेले होते. माती दुपारच्या जोहरच्या नमाजनंतर ठरली होती, आणि तोवर मी पोचणं शक्य नव्हतं. चाचा म्हणाले, "लोक म्हणतात, उस्मानभाईनं कुणाला थांबू दिलं न्हाई, त्यालाच कसं ठेवायचं?"

स्टँडवर उभ्या उभ्या मी पत्राच्या शेवटाचा फोटो काढून चाचांना पाठवला. आणि मिळेल ती एसटी धरली. सातारा जवळ आलं तेव्हा फोन वाजला. चाचा रडत होते.

"सगळ्यांसमोर वाचलं. आता अस्रच्या नमाजनंतर, ऊन उतरल्यावर नेऊ. मला आईचं तोंड दिसलं न्हाई, रेश्मा. तू ये."

मी उतरले तेव्हा ऊन कललं होतं. गल्लीत माणसं थांबलेली होती. चाचांनी अब्बांच्या चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. मी उशाशी बसले. नुसती बघत राहिले.

चाचांनी हळूच विचारलं, "न्यायचं का?"

मी मानेनंच नाही म्हटलं. कुणीही घाई केली नाही.