पंधरा जुलै शेवटच्या पानावर

मी फौजेत क्लार्क होतो. बंदूक चालवली ती रेंजवर, बाकी सगळी नोकरी कागदात गेली. रजेचे अर्ज, हजेरी, बदल्या. पण गावात आम्ही परत आलेले सगळे मेजरच. हवालदार असो नाहीतर नाईक, चहाच्या टपरीवर ‘या मेजर’ म्हणूनच बोलावतात. मला त्या मेजरपणाचं काही नाही. मला चीड आहे ती गचाळ कागदाची. तारीख नीट लिहिता येत नाही असा माणूस समोर आला की माझं डोकं आजही फिरतं. फौजेत महिना अक्षरात लिहायचा, दोन ऑगस्ट म्हणजे दोन ऑगस्टच, कुणाच्या बापाला शंका येऊ नये.

तर ही गोष्ट आमच्या कारखान्याच्या यादीची. रहिमतपूरच्या अलीकडे आमचं गाव. आडसाली ऊस, म्हणजे जुलै ते मध्य ऑगस्टपर्यंत लावलेला. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, हा नियम. दिवाळीच्या आसपास कारखान्याच्या गट ऑफिसनं तोडीची यादी काढली आणि वॉट्सॅपच्या ग्रुपवर टाकली. यादी म्हणजे काय, कॉम्प्युटरच्या स्क्रीनचे चार स्क्रीनशॉट. नंबर, नाव, गट नंबर, लागण तारीख. खाली एक ओळ, हरकत असल्यास शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवणे.

गुरुवारी सकाळी वहिनी आल्या. माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन चार वर्षं झाली, दोन एकर ऊस त्या एकट्या बघतात. हातात मोबाईल, तोंड उतरलेलं.

“भावजी, माझं नाव शेवटच्या पानावर हाय वो. पंधरा जुलैची लागण माझी. माझ्या मागनं लावलेल्यांची नावं पुढं हायेत.”

वहिनींचा ऊस सप्टेंबरच्या वादळी पावसात आडवा झाला होता. पडलेल्या उसाला उंदीर लागतो, कांड्यांचे डोळे फुटतात, वजन उतरतं. नोव्हेंबरात तुटला तर निभावलं, जानेवारीपर्यंत थांबला तर निम्मं चिपाड. आणि शेवटचं पान म्हणजे जानेवारीच.

मी स्क्रीनशॉट मोठा करून बघितला आणि माझं टाळकंच सणकलं. तारखांचा नुसता बाजार! कुठं १५/०७/२०२४, कुठं २/८/२०२४, कुठं २२.७.२४. तीन गावांच्या चिटबॉयनी, म्हणजे लागणीची नोंद घेणाऱ्या पोरांनी, आपापल्या पद्धतीनं पाठवलेल्या तारखा क्लार्कनं तशाच कॉलममध्ये ओतलेल्या. पण खरी गंमत पुढं होती. काही तारखा चौकटीच्या उजव्या कडेला चिकटलेल्या, काही डाव्या. ज्यानं आयुष्यभर शीट भरली त्याला हे सांगावं लागत नाही. उजवीकडची म्हणजे कॉम्प्युटरनं तारीख म्हणून ओळखलेली, डावीकडची म्हणजे त्याला नुसती अक्षरं वाटलेली. आणि चढत्या क्रमानं लावलं की खऱ्या तारखा आधी, अक्षरं सगळी तळाला. वहिनींची पंधरा जुलै डाव्या कडेला होती.

का, तर त्या कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकेची. तिकडं महिना आधी, दिवस नंतर. त्याला पंधरा सात दिलं की तो पंधरावा महिना शोधतो, सापडत नाही, मग म्हणतो ही तारीखच नव्हे. सातारा जिल्ह्यातल्या उसाचा नंबर अमेरिकेच्या रीतीनं लागणार! आणि ह्यांना कुणी विचारायचं नाही.

मी ऑफिसला फोन केला, फाइल मागितली. “फाइल भाईर देता येत न्हाई मेजर, वरनं सूचना हाय.” म्हटलं बरं. फोनमध्ये चित्रातली अक्षरं उचलायची सोय असते, तिनं नावांचा आणि तारखांचा कॉलम उचलला. शीटमध्ये आधी तारखांचा सगळा कॉलम टेक्स्ट, म्हणजे नुसती अक्षरं, करून ठेवला, नाहीतर माझाही फोन आपली अक्कल चालवायचा. मग सगळं चिकटवलं आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ स्क्रीनशॉटशी ताडून बघितली. दोन ठिकाणी एकाचा सात झाला होता, तो दुरुस्त केला.

मग फॉर्म्युला. अवघड काही नाही. आधी सब्स्टिट्यूटनं टिंबांच्या आणि आडव्या रेघांच्या जागी तिरकी रेघ घालायची, म्हणजे सगळ्यांचा वेष एक झाला. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी आहे तो दिवस, दोन रेघांच्या मध्ये आहे तो महिना, आणि शेवटचे दोन आकडे अधिक दोन हजार म्हणजे साल. चोवीस लिहिलेलं असो नाहीतर दोन हजार चोवीस, शेवटचे दोन तेच. हे तिन्ही डेट नावाच्या फंक्शनला साल, महिना, दिवस या क्रमानं दिलं की तारीख तयार. मग महिना अक्षरात दिसेल असा फॉरमॅट दिला आणि क्रम लावला.

वहिनींचं नाव तळातून उठून पहिल्या पानावर आलं. मी एकटाच मोठ्यानं म्हणालो, “या बाहेर आता, लुच्च्यांनो!”

मग सहज आपलं नाव बघायला वर गेलो. माझा नंबर चौथा होता. तिथं मी नव्हतो. खाली खाली गेलो तर शेवटच्या पानावर सापडलो. खरं सांगतो, पहिल्यांदा राग आला तो फॉर्म्युल्याचा. तीनदा तपासला. माझी लागण दोन ऑगस्टची. दोन आठ. आणि मग लख्ख कळलं. उजवीकडच्या तारखा कॉम्प्युटरनं ओळखल्या होत्या खऱ्या, पण उलट्या. माझी दोन ऑगस्ट त्यानं आठ फेब्रुवारी केली होती, म्हणून मी चौथा. आठ फेब्रुवारीला माझ्या त्या रानात ज्वारी उभी होती हो!

मी मोबाईल पालथा ठेवला आणि गोठ्यात जाऊन उगीच गव्हाण झाडली.

शुक्रवारी दुपारी वहिनींना मोटारसायकलवर मागं बसवलं आणि गट ऑफिस गाठलं. क्लार्क पस्तिशीचा, गुटगुटीत, समोर चहाचा कप.

“आवं मेजर, यादी कॉम्प्युटरनं लावलीया. त्यात माणसाचा हात न्हाई.”

“तेच तर दुखणं हाय गड्या. माणसाचा हात असता तर बरं झालं असतं. पंधरा जुलै दोन ऑगस्टच्या मागं कशी?”

“तसं काय न्हाई, कवा कवा हुतं हो.”

“कवा कवा? या बाईचा दोन एकर ऊस आडवा पडलाय, उंदरं खात्यात, आणि तुझं कवा कवा? चार शाळा शिकलास ना? डोळं उघडून एकदा तो कॉलम बघायला किती वेळ लागतो? नुसता बघायला!”

माझा आवाज चढला. बाहेर बसलेले दोघं-तिघं दारात आले. वहिनी म्हणाल्या, “भावजी, जरा हळू.” मी हळू झालो नाही. असल्या लोकांशी हळू बोललं की ते कान पाडून बसतात.

शेवटी त्यानं फाइल उघडली. मी फॉर्म्युला सांगितला, त्यानं टाईप केला. डाव्या तारखा सरळ झाल्या. उजवीकडच्या सगळ्यांसमोर मात्र एरर. क्लार्क हसला.

“फेल गेला की मेजर तुमचा फॉर्म्युला.”

फेल गेला नव्हता. उजवीकडच्या चौकटीत आत नुसता आकडा असतो, तारीख म्हणजे त्याच्या लेखी एक मोठा आकडाच. त्यात तिरकी रेघ कुठनं सापडणार? माझ्या फोनवर सगळंच टेक्स्ट होतं म्हणून चाललं होतं.

“आसं करू,” तो म्हणाला, “उजवीकडच्या बरोबरच हायेत. त्यांना हात लावायचा न्हाई. डाव्या तेवढ्या दुरुस्त धरू. वहिनींचं नाव वर येतंय, तुमचं हाय तिथंच चौथं राहतंय. मिटलं!”

माझ्या डोक्यात नको नको ते येऊन गेलं. वहिनींचं काम होत होतं. माझंही बिघडत नव्हतं. वहिनी तर उठल्यासुद्धा, “झालं ना भावजी, चला” म्हणून.

दारात उभ्या असलेल्यांत आमच्या गल्लीतला एक म्हातारा होता. दहा जुलैची लागण. त्याची दहा सात कॉम्प्युटरनं सात ऑक्टोबर केली होती. त्याला यातलं काही कळलं नव्हतं. तो नुसता माझ्याकडं बघत होता, मेजरला कळतंय सगळं, अशा नजरेनं.

“बरोबर न्हाईत त्या,” मी म्हणालो. “उजवीकडच्यांना महिना अक्षरात दाखव.”

त्यानं दाखवला. सात जानेवारी, आठ फेब्रुवारी, सात मार्च, आठ मे, सात ऑक्टोबर. नुसती सात आणि आठ तारीख, वरपासून खालपर्यंत.

“आता सांग. आपल्या गावातनी सगळे काय सात-आठ तारखेचाच मुहूर्त धरून ऊस लावत्यात व्हय? आणि मे महिन्यात आडसाली? ते सात-आठ दिवस न्हवं रं, जुलै-ऑगस्ट हायेत ते!”

क्लार्कनं कप खाली ठेवला. मग मी सांगितलं तसं त्यानं फॉर्म्युल्याच्या पुढं अट जोडली. चौकटीत आकडा असेल तर त्याचा दिवस महिन्याच्या जागी आणि महिना दिवसाच्या जागी टाकून तारीख नव्यानं बनव, नसेल तर आधीचा फॉर्म्युला. सगळा कॉलम भरला. क्रम लावला. म्हातारा वर गेला, वहिनी वर गेल्या, मी खाली गेलो.

क्लार्क माझ्याकडं वळला. दारातले सगळे ऐकत होते.

“मेजर, राग मानू नका. पर यादी मंगळवारीच टाकली व्हती. तुमी चौथा नंबर बघून अंगठा दिल्याला ग्रुपवर.”

दिला होता. मंगळवारी, यादी आली त्याच मिनिटाला. आपला नंबर बघितला, अंगठा दिला, फोन खिशात. माझ्यासारखा कागदातला किडा, डावं-उजवं एका नजरेत ओळखणारा, आणि मी त्या कॉलमकडं बघितलंसुद्धा नव्हतं. मी क्लार्कला जे जे बोललो ते सगळं मला लागू होतं, आणि तो ते म्हणाला नाही, एवढा तो सभ्य निघाला.

नोव्हेंबरच्या मध्यावर वहिनींचा फड तुटला. टोळी आली त्या दिवशी मी बांधावर होतो. उंदरांनी खाल्लेली कांडी होती, पण थोडी. वहिनी कोयतेवाल्या बायांना चहा देत होत्या. मला कप देताना त्यांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात.

“तुमचा कवा?”

“जानेवारीत.”

त्यांनी किटली खाली ठेवली.

“भावजी, चौथा नंबर बघितला तवा माझा कितवा हाय ते बघावं आसं न्हाई वाटलं व्हय तुमाला?”

खोटं बोलायला जागा होती. रेंज नव्हती म्हणता आलं असतं, चष्मा नव्हता म्हणता आलं असतं.

“न्हाई वाटलं, वहिनी,” मी म्हणालो.