पाठातला पाण्याचा घोट

फेब्रुवारीतला रविवार, अकोला. हजर: बाबा, मी, आणि टेबलावर त्यांच्या सगळ्या गोळ्या. आईची खुर्ची रिकामी.

आईचं वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं होतं. त्या दिवशी विष्णुसहस्रनामाचा अख्खा पाठ तिच्यासाठी स्वतः म्हणायचा, असं बाबांनी ठरवलं होतं. पण दहा श्लोकांतच त्यांची जीभ टाळूला चिकटायची. पौरोहित्यात गेलेला त्यांचा जन्म, आणि आता आवाज फुटत नव्हता.

पूर्वी सकाळी सातला मी अमरावतीहून फोन करायची. आई भाजीचे भाव सांगायची आणि तिच्या मागे बाबांचा पाठ चालू असायचा. तेव्हा मी तिला म्हणायची, "त्यांना जरा हळू म्हणायला सांग ना!" आता तोच आवाज मला हवा होता.

मी पाकिटं ओळीनं मांडली. रक्तदाबाची एक, आई गेल्यावर डॉक्टरांनी मन सावरायला दिलेली रात्रीची एक. तिसरी सर्दीची, शिंका येतात म्हणून मेडिकलमधून आणलेली.

"ही कधीपासून घेताय?"

"दिवाळीपासून. डॉक्टरले काय सांगाचं, साधी सर्दीची तर हाय."

"आणि तोंडात काय आहे?"

"खडीसाखर. कोरड पडते ना वं."

"दिवसभर? दात किडतील, बाबा."

"तू मास्तरीण कधी झाली?"

सोमवारी गोळ्यांची यादी लिहून घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, रात्रीच्या गोळीनं तोंड कोरडं पडतंच, त्यात सर्दीच्या गोळीची भर पडली. सर्दीची बंद करून त्यांनी नाकात मारायचा स्प्रे दिला. रात्रीची मनानं सोडू नका, महिन्याभरानं बघू, असं बजावलं. थोड्या थोड्या वेळानं पाण्याचा घोट, खडीसाखरेऐवजी बिनसाखरेच्या गोळ्या, चहा कमी, आणि दात दाखवून घ्या.

मी सगळ्याची यादी लिहून भिंतीला लावली, एक प्रत माझ्याकडे ठेवली. अडलं ते घोटावर. पाठाच्या मध्ये पाणी प्यायलं की तोंड उष्टं होतं, असा बाबांचा जन्मभराचा नेम. त्यामुळे कोरड्या तोंडानंच रेटायचं आणि मग अडायचं.

"आई असती तर काय म्हणाली असती?" मी विचारलं.

त्यांनी तिच्या खुर्चीकडे पाहिलं. मग उठले, देवापुढच्या पंचपात्रात तुळशीचं पान टाकलं आणि म्हणाले, "तीर्थ उष्टं नाही होत. काहून आधी सुचलं नाही मले?"

शुक्रवारी सातला मी अमरावतीहून फोन केला. त्यांनी तो आईच्या खुर्चीवर ठेवला. दर चार श्लोकांनी पळी वाजायची, मग पुढचा श्लोक. साठाव्यापर्यंत आले. मग पळी खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि ते म्हणाले, "आज एवढंच. तिची आठवण आली."

दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतली, त्यावर खूण केली. यादीत खाली एकच ओळ खुणेवाचून राहिली आहे: अख्खा पाठ.