आत्याच्या अंगठीतला निस्तेज नीलम

माझी आत्या रत्नं घासायची. खिडकीजवळचं तिचं चाक आणि काडीला लाखेनं चिकटवलेले खडे अजून डोळ्यांसमोर आहेत. नितळ खड्याला ती पैलू पाडायची. उजेड आत जाऊन परत उसळला की भाव चढतो. धुरकट खड्याला मात्र ती गुळगुळीत घुमट द्यायची.

एकदा ती बाहेर गेली असताना मला मेलीला शहाणपणा सुचला. पैलूंना जास्त पैसे येतात म्हणून मी एका धुरकट नीलमाला पैलू पाडले. खडा अगदी मेल्यासारखा दिसायला लागला.

आत्या आली, खडा बघून मटकन खाली बसली.

"अगं, तेलाचा थेंब टाकून मी तो दिव्याखाली बघितला होता. त्या धुरातच सहा किरणांचा तारा होता, आणि तो घुमटावरच उमटतो. दहापट भाव आला असता गं!"

आता माझी काही खैर नाही, असं मला वाटलं. पण तिनं तो खडा अंगठीत बसवला आणि जन्मभर घातला. "असला निस्तेज खडा कशाला घालता?" असं गिऱ्हाइकांनी विचारलं, की ती ऐटीत सांगायची, "माझ्या भाचीनं पाडलेले पहिले पैलू आहेत."