हिरवी पट्टी आणि माझं पत्रक

धडगावात वसतिगृहाचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं शिबिर आम्ही घेतलं. पत्रक मीच लिहिलं होतं: पासवर्डात इंग्रजीत गावाचं नाव, पहिलं अक्षर मोठं, पुढे ॲटचं चिन्ह (@) आणि चालू साल, पासवर्ड किती पक्का ते दाखवणारी पट्टी हिरवी झाली की निर्धास्त.

आठवड्याने कुणीतरी एका मुलीच्या खात्यात शिरून तिचा अर्ज रद्द केला. मी पोर्टलवाल्यांना शिव्या घालत होतो.

ती म्हणाली, "दादा, पासवर्ड तर तुमच्या पत्रकातलाच होता. साऱ्या शिबिराकडे होता."

पट्टीने फक्त लांबी आणि अक्षरांचे प्रकार मोजले होते. पासवर्ड ओळखू पाहणाऱ्याच्या हातात माझं पत्रक आहे, हे पट्टीला कुठून कळणार?

नव्याने अर्ज भरायची मुदत संपली होती. हे सांगायला तिच्या घरी गेलो, तर वडिलांनी आधी चहा दिला. मी तो प्यायलोही.