फळा राखला, सर हलके केले

आमच्या शेजारच्या गणिताच्या सरांचं दीड तासाचं लेक्चर फोनवर रेकॉर्ड झालं, अकरा जीबीचं! आजारी विद्यार्थिनीला ते परवाच्या परीक्षेआधी हवं होतं, आणि तिच्याकडे नेट रांगतं. सरांनी झिप केली. फाइल तसूभर घटली नाही. चित्र लहान केलं, तर आकड्यांच्या मुंग्या झाल्या.

"काका, चित्र मोठंच ठेवू," सरांची पुतणी म्हणाली. "पण सेकंदाला तीस फ्रेम कशाला? पाच पुरेत. फळा कुठे हलतो?"

"आणि मी?" सरांनी विचारलं.

"तुम्ही तरी कुठे हलता!" मी म्हटलं.

तिने बिटरेटही, म्हणजे दर सेकंदाला खर्ची पडणारा डेटाही, उतरवला. उरले सव्वाशे एमबी. दुपारभर फाइल थेंबथेंब झिरपत गेली. संध्याकाळी निरोप आला, "सर, आकडे स्वच्छ दिसतात. तुमचे पाय मात्र पुसट झालेत, ढगावरून तरंगत आल्यासारखे दिसता."

सर लाजले, आणि घरातही अलगद पावलं टाकू लागले.