आमटीखालचा पॉलिप

मी दुर्बिणीनं आतडं तपासण्याच्या विभागात सिस्टर आहे. पुंडलिकनगरच्या एका निवृत्त हेडमास्तरांना मी तयारीचा कागद वाचून दाखवला होता. दाणे, बिया, साली बंद. आदल्या दिवशी फक्त पातळ. जुलाबाचं औषध अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे.

तपासणीच्या सकाळी मी विचारलं, "काल काय खाल्लं सर?"

"काही नाय. कडक उपास केला."

कडक म्हणजे भगर, शेंगदाण्याची आमटी आणि राजगिऱ्याचा लाडू! शिवाय झोपमोड नको म्हणून सगळं औषध संध्याकाळीच पिऊन टाकलेलं. रात्रभरात वरून उतरणारा घाण चिकटा धुवायला पहाटेचा डोस लागतो, हे मास्तरांना कोण शिकवणार?

मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात तपकिरी गाळ आणि दाण्यांचे तुकडे. डॉक्टरांनी धुऊन पाहिलं, नळीनं गाळ ओढून पाहिला, शेवटी हात टेकले. तपासणी पुन्हा करायची ठरली.

पुढच्या आठवड्यात मास्तर आदल्या दिवशी नुसतं पातळ घेऊन आणि पहाटे उठून उरलेलं औषध पिऊन आले. आतडं लख्ख होतं. गाळ होता तिथंच एक चपटा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची गाठ, निघाला. डॉक्टरांनी तो लगेच काढला.

शुद्धीवर येताच मास्तर गुरकावले, "हा मागच्या वेळी कसा दिसला नाय तुम्हाला?"

"दिसणार कसा सर? तो तुमच्या आमटीखाली बसला होता."