पहिला सोमवार

चिखलीत स्पर्धा परीक्षेच्या वर्गाला मी गणित शिकवतो. फळ्यावर मी कधी चुकत नाही, असा माझा लौकिक आहे. तो बराचसा मीच पसरवलेला आहे.

त्या दिवशी गणित असं होतं: तीन जुलैला शुक्रवार आहे, तर तेव्हापासून पंचवीस सप्टेंबरपर्यंत सोमवार किती? एकेक सोमवार बोटांवर मोजणाऱ्यांवर मी भडकतो. म्हणून करून दाखवलं. पहिला सोमवार सहा जुलैला. तिथून पंचवीस सप्टेंबर एक्क्याऐंशी दिवसांवर. सातानं भागलं, अकरा आले, चार उरले. "उत्तर अकरा," म्हणून मी खडू खाली ठेवला.

"सर, बारा," मागून एक मुलगी म्हणाली. तिची आई सोमवारच्या आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान लावते.

"काऊन? बोटं मोजली नं?" मी खेकसलो.

"नाही सर. अकरा तर सहा तारखेच्या नंतरचे झाले. सहा तारखेचा बाजार सोडून देला का तुमी? त्या दिवशी बी अम्मी दुकान लावनच नं."

वर्ग माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी खडू उचलला आणि अकराच्या पुढे अधिक एक लिहिलं.

पुढच्या सोमवारी बाजारात तिच्या आईनं मला थांबवलं. "सर, पोरगी बराबर शिकून राह्यली नं?"

"काळजी करू नका," मी म्हटलं. "मीच तिच्याजवळ शिकून राह्यलो."